रूममेटने रातोरात डोरेमॉन केला

माझा भाचा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. परवा सकाळी त्याचा अलार्म वाजला तो डोरेमॉनच्या गाण्याने. डोळे चोळत त्याने फोन उघडला, तर पडदा निळाशार आणि सगळे आयकॉन मांजराच्या चेहऱ्यांचे. खाली नावंसुद्धा नाहीत. मेसमध्ये पैसे द्यायची वेळ आली तेव्हा पैसे पाठवायचं अ‍ॅप कुठल्या मांजरामागे लपलंय ते सापडेना. मागे रांग खोळंबलेली, आणि रूममेट शांतपणे पोहे खात होता.

भाच्याने आधी वॉलपेपर बदलला. मांजरं तशीच! फोन बंद करून चालू केला, तरी तेच. शेजारच्या खोलीतल्या एका जाणकाराने 'फॅक्टरी रीसेट मार' असा सल्ला दिला. भाचा तयारही झाला होता. नशीब, त्याआधी त्याने मला फोन केला. रीसेटने फोनमधले फोटो, नोट्स सगळं पुसलं गेलं असतं आणि त्याची काही गरजच नव्हती.

अँड्रॉइड फोनवर आपल्याला दिसणारा मुख्य पडदा हेही एक अ‍ॅपच असतं. त्याला लाँचर म्हणतात. रूममेटने कार्टूनचा लाँचर उतरवून घेतला आणि मूळच्या जागी तो नेमला. मूळ लाँचर फोनमध्येच होता, फक्त बाजूला बसवलेला. आयकॉन बदलले म्हणजे दुकानांच्या पाट्या बदलल्या. आतला माल तोच. आयकॉन दाबून धरला आणि 'अ‍ॅप इन्फो' उघडलं की अ‍ॅपचं खरं नाव दिसतं.

मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे डिफॉल्ट अ‍ॅप्स, त्यात होम अ‍ॅप. तिथे दोन नावं होती. कंपनीचं मूळ नाव निवडताच मांजरं गायब झाली. मग तो लाँचर काढून टाकला. काही फोनांत कंपनीचंच 'थीम्स' अ‍ॅप असतं. करामत त्यातून झाली असेल, तर होम अ‍ॅपमध्ये काही वेगळं दिसत नाही, थीम्समध्ये जाऊनच मूळ थीम लावावी लागते.

मला खरी काळजी दुसरीच होती. फोन उघडला कसा? फिंगरप्रिंटच्या यादीत दोन बोटं निघाली, भाच्याने मात्र एकच नोंदवलं होतं. नवं बोट नोंदवायला आधी पॅटर्न काढावा लागतो. म्हणजे तो इंग्रजी एल रूममेटला केव्हाचा पाठ होता. (एल! निदान दोन वळणं जास्त घ्यायची.) यादी उघडी ठेवून रूममेटला सेन्सरवर बोट ठेवायला लावलं, तर दुसरी नोंद उजळली. ती पुसली, पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डोरेमॉनचं गाणं. अलार्मचा सूर घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये वेगळा लावलेला असतो. लाँचर गेला तरी तो जात नाही.