“घरीच असते” म्हणजे काय?

एका गावात पाहणीला आलेल्या ताईंनी विचारलं, “वहिनी, तुम्ही काय काम करता?”

“काही नाही, घरीच असते.”

ताईंनी तेवढंच लिहून घेतलं नाही. “गेल्या सात दिवसांत म्हशीची धार कुणी काढली? डेअरीला दूध कुणी घातलं? खुरपायला कोण गेलं?”

“मीच की!” वहिनी हसल्या. रोज धार आणि वैरण, शिवाय तीन दिवस खुरपणी.

सरकारी श्रमबल पाहणीत सात दिवसांत एक तास जरी असं काम केलं, तरी त्या आठवड्यापुरती बाई काम करणारी धरतात. घरचा स्वयंपाक आणि मुलं सांभाळणं मात्र त्यात धरत नाहीत.

ताईंनी “तुम्हीच करता ना?” असं विचारून उत्तर सुचवलं नाही. “कोण?” एवढंच विचारलं.