एक कान फोनला, एक रस्त्याला

पुण्यात कॉलेजला शिकणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला पूर्वी ओटीपीसुद्धा मैत्रिणीकडून वाचून घ्यावा लागे. फोनचा स्पीकर लावला, की खासगी मेसेज अख्ख्या बसला ऐकू जात. आता अँड्रॉइडमधला ‘टॉकबॅक’ हा स्क्रीन रीडर बोटाखालचा मजकूर तिच्या वायरलेस इअरबडमध्ये वाचतो. हवे ते बटण ऐकू आले, की दोनदा टॅप करून ती ते उघडते.

रस्त्यावर मात्र ती एकाच कानात इअरबड घालते. दुसऱ्या कानाने वाहनांचा अंदाज येतो; हातात पांढरी काठी असतेच.

अडचण उरते ती नोट्सची. वहीचे फोटो ओसीआर ॲपने मजकुरात बदलावे लागतात आणि हस्ताक्षर वाचताना ते चुकते. म्हणून मैत्रिणींकडे ती टाइप केलेली फाइलच मागते.