दोन तुकड्यांचा निकाल आणि एक सरासरी

निकाल लागला की शाळेच्या फळ्यावर तुकडीनिहाय टक्केवारी लिहिली जाते आणि अहवालासाठी संपूर्ण शाळेची एकच टक्केवारी हवी असते. अशा वेळी दोन आकडे मिळवून दोनाने भागण्याचा मोह होतो. हिशेब दिसतो सोपा. पण तो बहुधा चुकतो.

समजा, बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या एखाद्या गावातील शाळेत दहावीच्या दोन तुकड्या आहेत. ‘अ’ तुकडीतील ६० विद्यार्थ्यांपैकी ५४ उत्तीर्ण झाले, म्हणजे ९० टक्के. ‘ब’ तुकडीत २० विद्यार्थी. त्यांतील १० उत्तीर्ण, म्हणजे ५० टक्के. नव्वद आणि पन्नास यांची सरासरी सत्तर. प्रत्यक्षात मात्र ८० पैकी ६४ मुले उत्तीर्ण झाली आहेत आणि ८० पैकी ६४ म्हणजे ८० टक्के. दहा टक्क्यांची तूट, अर्थात आठ मुलांचे यश, केवळ भागाकाराच्या घाईने कागदावरून नाहीसे झाले.

असे का व्हावे? टक्केवारी म्हणजे दर शंभरामागील प्रमाण. ते काढताच मूळ संख्या दृष्टिआड होते. ‘अ’ तुकडीचा एक टक्का म्हणजे मुलाचा सहा दशांश हिस्सा, तर ‘ब’ तुकडीचा एक टक्का म्हणजे केवळ दोन दशांश. असमान मापांची थेट बेरीज करून कसे चालेल? खामगावच्या बाजारात कोणी ९० क्विंटल कापूस सात हजारांनी आणि १० क्विंटल आठ हजारांनी घेतला, तर सरासरी भाव साडेसात हजार पडला असे कोणताही व्यापारी म्हणणार नाही. तो एकूण सात लाख दहा हजार रुपयांना शंभर क्विंटलांनी भागून ७,१०० हाच भाव सांगेल. व्यवहारात जे सहज कळते, ते निकालपत्रावर विसरले जाते, एवढेच.

मार्ग तोच. प्रत्येक तुकडीतील उत्तीर्णांची संख्या मिळवावी, परीक्षेला बसलेल्यांची संख्या मिळवावी आणि मग एकदाच भागावे. हीच भारित सरासरी. तिचे उत्तर नेहमी मोठ्या पटाच्या तुकडीकडे झुकलेले असते; वरील उदाहरणात ऐंशी हा आकडा नव्वदच्या जवळ आहे, पन्नासच्या नव्हे. साधी सरासरी बरोबर ठरते ती दोन्ही पट सारखे असतील किंवा दोन्ही टक्केवाऱ्या मुळातच सारख्या असतील तेव्हाच.

राज्याच्या निकालातही हे पाहता येते. मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत नऊ विभागीय मंडळांचे निकाल असे होते: कोकण ९९.०१, कोल्हापूर ९७.४५, पुणे ९६.४४, मुंबई ९५.८३, अमरावती ९५.५८, नाशिक ९५.२८, लातूर ९५.२७, छत्रपती संभाजीनगर ९५.१९ आणि नागपूर ९४.७३ टक्के. बुलढाणा जिल्हा यांपैकी अमरावती विभागात मोडतो. या नऊ आकड्यांची साधी सरासरी ९६.०९ येते. राज्य मंडळाने मात्र राज्याचा निकाल ९५.८१ टक्के जाहीर केला आणि तोच योग्य, कारण १५,४९,३२६ नियमित विद्यार्थी परीक्षेला बसले व १४,८४,४३१ उत्तीर्ण झाले. साधी सरासरी फुगली ती मुख्यत्वे कोकणामुळे. त्या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. तरी साध्या सरासरीत त्याला मुंबईइतकेच वजन मिळते. फरक पाव टक्क्याहून थोडा अधिक, पण एवढ्या मोठ्या संख्येत तो सुमारे सव्वाचार हजार विद्यार्थ्यांचा होतो.

येथे छेदही नीट निवडावा लागतो. त्या वर्षी नोंदणी १५,६०,१५४ विद्यार्थ्यांची होती. त्या संख्येने भागले तर निकाल ९५.१५ टक्क्यांवर उतरतो. उत्तीर्णांचे प्रमाण प्रत्यक्ष परीक्षा दिलेल्यांशी मोजायचे, नोंदणीशी नव्हे.

याहून चकवणारी एक गोष्ट आहे. त्याच कल्पित शाळेत पुढील वर्षी ‘अ’ तुकडीत ५० पैकी ४६, म्हणजे ९२ टक्के, आणि ‘ब’ तुकडीत ४० पैकी २२, म्हणजे ५५ टक्के मुले उत्तीर्ण झाली असे समजू. दोन्ही तुकड्यांचा निकाल सुधारला. परंतु एकूण ९० पैकी ६८ उत्तीर्ण, म्हणजे शाळेचा निकाल ८० वरून ७५.५६ टक्क्यांवर आला! हिशेबात चूक कोठेही नाही. कच्च्या तुकडीचा पट वीसवरून चाळीस झाला, म्हणून एकूण आकडा खाली ओढला गेला. अशा वेळी ‘ब’ तुकडीच्या शिक्षकांना जाब विचारणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी तर पाच टक्क्यांची वाढ दाखवली आहे. शाळेची एकच टक्केवारी मागणाऱ्या संस्थाचालकांनी तिच्याशेजारी दोन्ही वर्षांचे तुकडीनिहाय पट आणि उत्तीर्णांची संख्याही मागवावी; घसरण शिकवण्यातली की पटातली, हे त्या चार ओळींतच दिसते.