घरपोच रुग्णसेवा : एका योजनेचा आराखडा

आपल्या वस्तीतील कित्येक भगिनी घरोघरी वृद्धांची सेवा करून संसार चालवतात. त्यांना कोणी 'आया' म्हणतो, कोणी 'ब्यूरोची बाई'. हेच काम संस्थेमार्फत रीतसर करावयाचे झाल्यास काय करावे लागेल, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

प्रथम कामाची मर्यादा ठरली पाहिजे. आंघोळ, कपडे बदलणे, जेवण भरवणे, कूस बदलणे, चालवणे, वेळेवर गोळ्यांची आठवण करणे ही परिचारकाची कामे. इंजेक्शन, सलाईन, नाकातील नळी बसवणे ही कामे राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या नर्सची. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी परिचारकाने ती करू नयेत, आणि संस्थेनेही परिचारकास नर्स म्हणून पाठवू नये.

प्रशिक्षणात सर्वांत अधिक वेळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास द्यावा. समजा, पक्षाघात झालेले 78 वर्षांचे आजोबा आहेत. एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाडाखालच्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ओढत सरकवल्यास कातडी सोलते, म्हणून खाली चादर घालून दोघांनी उचलावे. रोज माकडहाड, कुल्ले, टाचा पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबूनही फिकट होत नसेल, तर जखमेची ती सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे भाग अधिक काळसर, गरम किंवा कडक लागतो का, ते हाताने पाहावे. अशा जागी चोळू नये, त्या कुशीवर ठेवू नये व त्याच दिवशी नर्सला कळवावे. भरवताना रुग्णास बसते करावे आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवावे, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो.

विश्वास दोन्ही बाजूंनी लागतो. परिचारकाची पोलीस पडताळणी व पूर्वीच्या दोन घरांची चौकशी करावी. पण मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घेऊ नयेत. घरात एक वही ठेवावी. तीत कूस बदलल्याची वेळ, जेवण, लघवी-शौच आणि गोळ्या यांची नोंद व्हावी. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हातचलाखीने भरलेल्या दिसल्या तर वही संध्याकाळी लिहिली जाते, हे नर्सने ओळखावे. दागिने-पैसे घरच्यांनीच कुलपात ठेवावेत. बँकेची व्यवहाराची कामे परिचारकाकडे देऊ नयेत. काही घरांत आधी जात विचारतात, वेगळा कप ठेवतात, संडास वापरू देत नाहीत. पाणी, जेवणाची सुट्टी, संडास यांच्या अटी करारातच लिहाव्यात, आणि जात विचारणाऱ्या घरी माणूस पाठवू नये, असे आमचे मत आहे.

आता दर. आठ तासांच्या एका पाळीचा उदाहरणादाखल हिशेब पाहू. 26 दिवसांचा पगार 15,600 रुपये, म्हणजे दिवसाला 600. साप्ताहिक सुट्टीच्या चार दिवसांच्या बदलीस 2,400, मिळून 18,000. भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा सुमारे 2,900, बोनस 1,500. महिना 24,000 पगाराची नर्स 16 घरांवर देखरेख करील, म्हणून प्रत्येकी 1,500. फोन, हातमोजे, प्रवास, कार्यालय 1,600. एकूण 25,500 रुपये, म्हणजे दिवसाला 850. जिल्ह्याच्या किमान वेतनाशी 600 चा आकडा आधी ताडून पाहावा.

येथेच योजना फसते. महिन्याभरात घरचे म्हणतात, "संस्था सोडा, आम्ही 700 देतो." बाईंना शंभर जास्त, घरच्यांची दीडशेची बचत. पण बाई आजारी पडल्यास बदली नाही, देखरेख नाही, विमाही नाही. दंडाच्या धाकाने हे थांबत नाही. 850 मधील प्रत्येक रुपया कोठे जातो, हे दोघांना पहिल्याच दिवशी कागदावर दाखवावे. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घ्यावेत, कारण घरच्यांनी थकवले तरी पगार थकता कामा नये.

कायद्याचे म्हणाल तर 1949 चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागांसाठी आहे. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी सुचविणारे विधेयक 2019 साली लोकसभेत आले, पण संमत झाले नाही. तरी आपण मोकळे नाही. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली संस्थेची नोंद करावी लागते, आणि कामगारांची संख्या कायद्यातील मर्यादेपेक्षा कमी असल्यास केवळ सूचना द्यावी लागते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे. दहा कर्मचारी झाले की तक्रार समिती लागते. रात्रपाळीची बाई तक्रार करील तेव्हा तिला त्याच घरी परत न पाठवता दुसरे काम द्यायचे, हा नियम पहिले घर घेण्यापूर्वीच लिहून ठेवावा.

सुरुवात पाच घरांनी करावी. पाच घरांवर नर्सचा पूर्ण पगार निघत नाही, म्हणून तोवर ती अर्धवेळ ठेवावी. बदलीची माणसे तयार झाल्याखेरीज सहावे घर घेऊ नये.