बिल पास करण्याआधी तीन कागदांची गाठ

भोसरीच्या एमआयडीसीत पंप बनवणारा एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याने एका पुरवठादाराला २०० बेअरिंगची पर्चेस ऑर्डर दिली, दर नगाला १८० रुपये. माल दोन खेपांत आला. पहिल्या खेपेत १२० नग आले, सगळे चांगले निघाले आणि त्यांचं बिलही चुकतं झालं. दुसऱ्या खेपेच्या चलनावर ८० लिहिलं होतं. स्टोअरमध्ये मोजणी झाली तेव्हा ७० भरले आणि त्यातले ५ तपासणीत नापास झाले. आठवड्याभराने बिल आलं ते ८० नगांचं, दर १८६ रुपये.

अकाउंट्समध्ये फक्त ऑर्डर आणि बिल समोर ठेवलं, तर नगांचा हिशेब चोख दिसतो: १२० आणि ८० मिळून २००. दराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही तर बिल पास. घोटाळा उघड होतो तो तिसऱ्या कागदामुळे. माल उतरवून घेताना स्टोअरकीपर जी मालपावती करतो, ती जीआरएन. त्यावर स्वीकारलेला माल ६५ नगांचाच आहे. कर सोडून देणं होतं ६५ गुणिले १८०, म्हणजे ११,७०० रुपये. बिल आहे १४,८८० रुपयांचं. फरक ३,१८० रुपयांचा.

ही पडताळणी एका साध्या शीटमध्ये बसते. ऑर्डर, जीआरएन आणि बिलं यांचे तीन टॅब करायचे आणि प्रत्येक ओळीला एकच खूण द्यायची: ऑर्डरचा नंबर आणि त्यातल्या वस्तूचा ओळक्रमांक, जसं PO118-2. नुसता ऑर्डर नंबर पुरत नाही, कारण एका ऑर्डरमध्ये चार वस्तू असतात आणि एकीची तूट दुसरीच्या जादा मालात झाकली जाते.

बिलांच्या टॅबमध्ये A रकान्यात ही खूण, C मध्ये बिलातले नग आणि D मध्ये बिलातला दर असेल, तर पुढचे रकाने असे भरतात:

```
E2: =SUMIFS(GRN!D:D,GRN!A:A,A2)
F2: =SUMIFS(C$2:C2,A$2:A2,A2)
G2: =XLOOKUP(A2,PO!A:A,PO!D:D)
H2: =XLOOKUP(A2,PO!A:A,PO!C:C)
I2: =IF(AND(F2<=MIN(E2,H2),D2<=G2),"OK","HOLD")
```

E म्हणजे आजवर स्वीकारलेला माल, F म्हणजे या ओळीपर्यंत बिलात लागलेला माल. G आणि H मध्ये ऑर्डरचा दर आणि ऑर्डरचे नग. आपल्या उदाहरणात दुसऱ्या बिलापुढे F मध्ये २०० आणि E मध्ये १८५ येतात, म्हणून HOLD. खरी मेख बेरजेत आहे. अनेक जण जीआरएनचा आकडा VLOOKUP ने आणतात. ते सूत्र पहिली सापडलेली पावतीच दाखवतं, म्हणजे १२०, आणि मग खेपांनी आलेल्या मालाची बरोबर बिलंही अडकून पडतात. F ची बेरीज वरून खाली चढत जाते, त्यामुळे बिलं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने राहू द्यावीत. मध्येच सॉर्ट केलं की दोष भलत्याच बिलावर जातो.

माल आलेला असताना E मध्ये शून्य दिसलं, तर पुरवठादाराला फोन करण्याआधी खूण तपासावी. बहुतेकदा नंबरामागे एक रिकामी जागा राहिलेली असते. G मध्ये #N/A आलं, तर एक तर खूण चुकली आहे किंवा बिलामागे ऑर्डरच नाही. ऑर्डर किलोत आणि बिल नगांत असेल, तर एकक आधी एकच करावं लागतं, नाहीतर सगळे आकडे निरर्थक.

अडवलेलं बिल फार दिवस ठेवून चालत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. ती घेतली नाही तर माल स्वीकारला असंच मानलं जातं. ही मुदत बिल हाती आल्यापासून नव्हे, माल आल्यापासून चालू होते. म्हणून जीआरएनवरची तारीख शीटमध्ये हवीच. तूट आणि नापास माल त्याच आठवड्यात कळवावा, बिलाची वाट पाहू नये. नंतर जादा लागलेल्या रकमेची क्रेडिट नोट मागून घ्यावी.

या शीटला एक गोष्ट मात्र दिसत नाही. स्टोअरमध्ये खोकी न उघडताच चलनावरचे ८० जीआरएनवर उतरवले, तर नगांच्या बाबतीत तिन्ही कागद सुरेख जुळतात. तसं होतंय का, हे ओळखायला जीआरएनच्या टॅबमध्ये चलनावरचे नग आणि मोजलेले नग असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. एखाद्या पुरवठादाराच्या खेपांमागून खेपा येताहेत आणि दोन्ही आकड्यांत एका नगाचाही फरक पडत नाही, असं दिसलं की पुढचा ट्रक उतरताना अकाउंट्समधल्या कुणीतरी स्वतः गेटवर उभं राहून मोजणी करून घ्यावी.