ऑनलाइन कोडिंग परीक्षा मध्येच बंद पडली, उत्तरं गेली: परीक्षा विभागाला तक्रारीचा मेल कसा लिहावा?



तक्रारपत्र आपण वर्गात शिकवतो. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू असा साचा मुलांना पाठ असतो. पण रस्त्यावरच्या खड्ड्याची किंवा अनियमित पाणीपुरवठ्याची तक्रार वेगळी आणि घरून दिलेली कोडिंगची परीक्षा मध्येच बंद पडली त्याची तक्रार वेगळी. खड्डा कोणीही येऊन पाहू शकतो. इथे मात्र मुलाच्या स्क्रीनवर काय घडलं ते दुसऱ्या कोणीच पाहिलेलं नसतं. त्याचा माग उरतो तो फक्त सर्व्हरवरच्या नोंदींमध्ये. म्हणून या मेलचं खरं काम एकच आहे : परीक्षा विभागाला ती नेमकी नोंद सापडावी.

आमच्या शाळेतून गेलेला आणि आता कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी असाच अडचणीत सापडला होता. त्याचंच उदाहरण घेऊन समजून घेऊ.

काय घडलं?

परीक्षा सकाळी १० ते ११:३० अशी दीड तासाची. तीन प्रश्न, एकूण ५० गुण : पहिला १०, दुसरा १५ आणि तिसरा २५. पहिला प्रश्न त्याने १०:२४ ला `Submit` केला. दुसऱ्याचा कोड लिहून १०:५१ ला `Run` केला, तेव्हा नमुना चाचण्या बरोबर आल्या. एक ओळ नीट करावी म्हणून तो थांबला आणि तेवढ्यात, १०:५२ ला, पान अडकलं. स्क्रीनवर आलं `504 Gateway Time-out`. पुन्हा लॉगिन होईपर्यंत ११:०९ झाले. पहिला प्रश्न जागेवर होता, पण दुसऱ्या प्रश्नाची चौकट कोरी! त्याने घाईघाईने दुसरा प्रश्न परत लिहून ११:२४ ला `Submit` केला. तिसऱ्यासाठी सहा मिनिटं उरली होती.

त्याच संध्याकाळी त्याने लिहिलेला पहिला मेल असा होता : "सर, तुमची साइट बंद पडली. माझं सगळं लिहिलेलं गेलं. माझी काही चूक नाही. कृपया मला पूर्ण गुण द्यावेत."

मुलाचा राग अगदी खरा आहे. पण हा मेल वाचणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहा. कोणता प्रश्न? किती वाजता? "सगळं" म्हणजे काय? पहिला प्रश्न तर त्यांना जमा झालेला दिसतोय, म्हणजे "सगळं गेलं" हे वाक्य त्यांच्याच नोंदीशी जुळत नाही. एक वाक्य खोटं ठरलं की पुढच्या खऱ्या वाक्यावरही विश्वास बसत नाही.

"गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं?

पालकांनी आणि शिक्षकांनी समजून घ्यावा असा हा भाग आहे, कारण घाबरलेल्या मुलाला तो त्या वेळी सुचत नाही. कोडिंगच्या परीक्षेत लिहिलेलं उत्तर तीनपैकी एका अवस्थेत असतं.

१. `Submit` केलेलं. हे सर्व्हरवर पोहोचलेलं असतं. पान बंद पडलं तरी ते सहसा राहतं. मेलमध्ये फक्त खात्री करून घ्यायची.

२. `Run` केलेलं, पण `Submit` न केलेलं. इथे बहुतेकांची गल्लत होते. मुलांना वाटतं, `Run` म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर करून पाहणं. पण बहुतेक परीक्षा-प्रणालींत `Run` दाबलं की पूर्ण कोड सर्व्हरकडे जातो, तिथे चालवला जातो आणि निकाल परत येतो. म्हणजे तो कोड एकदा तरी त्यांच्याकडे पोहोचलेला असतो. त्याची प्रत जपून ठेवलेली असेलच असं नाही, पण असण्याची चांगली शक्यता असते. म्हणून ती नाव घेऊन मागायची.

३. फक्त टाइप केलेलं. आपोआप जतन होण्याची सोय असेल तर काही सेकंदांपूर्वीपर्यंतचं लिखाण सर्व्हरवर मिळू शकतं. तशी सोय नसेल, तर ते मुलाच्या ब्राउझरमध्येच होतं आणि बहुधा गेलं. ते आता सिद्ध करता येणार नाही, म्हणून त्यावर गुणांची मागणीही करायची नाही.

आपल्या उदाहरणात पहिला प्रश्न पहिल्या प्रकारात बसतो. दुसऱ्याचा १०:५१ चा कोड दुसऱ्या प्रकारात, आणि त्यानंतर बदललेली ती एक ओळ तिसऱ्या प्रकारात. म्हणजे "सगळं" गेलेलं नव्हतंच. खरं नुकसान दोन ठिकाणी होतं : दुसऱ्या प्रश्नाचा चालणारा कोड आणि तिसऱ्या प्रश्नाचा वेळ.

स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा लिहा

"एरर आला" एवढं लिहून भागत नाही. `504 Gateway Time-out` याचा अर्थ मुलाची मागणी समोरच्या बाजूच्या एका सर्व्हरपर्यंत पोहोचली, पण त्याला मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही. म्हणजे अडचण बहुधा त्यांच्या बाजूला होती. याउलट `ERR_INTERNET_DISCONNECTED` असं दिसलं तर घरचं इंटरनेट गेलेलं असतं. क्रोममध्ये `Aw, Snap!` आलं तर ते पान मुलाच्याच कॉम्प्युटरवर कोसळलेलं असतं. तिन्हींचा तपास वेगळ्या ठिकाणी होतो. मात्र मेलमध्ये "चूक तुमचीच" असा निकाल आपण द्यायचा नाही. संदेश द्यायचा, अर्थ ते लावतील.

फोटोबद्दल एक सावधगिरी. परीक्षेत मोबाइल चालत नसेल तर फोटो काढू नका, वेळ आणि संदेश कागदावर टिपून घ्या. परवानगी असेल तरी फक्त त्रुटीच्या पानाचा फोटो घ्या, प्रश्नाचा नको. नाहीतर तक्रार बाजूला राहील आणि पेपर फोडल्याचा आळ येईल.

आणि वेळेबद्दल. सर्व्हरच्या नोंदी पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत असतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपले सकाळचे १०:५१ तिथे पहाटेचे ५:२१ दिसतात. म्हणून मेलमध्ये "भारतीय वेळेनुसार" हे दोन शब्द जरूर लिहावेत.

सुधारलेला मेल

> विषय : ऑनलाइन कोडिंग परीक्षा (विषय संकेतांक, दिनांक) – १०:५२ वाजता खंड, प्रश्न २ चे उत्तर दिसत नाही – आसन क्र. ______
>
> महोदय/महोदया,
>
> मी वरील परीक्षा घरून दिली. परीक्षेत खंड पडल्यामुळे माझे प्रश्न २ चे उत्तर नाहीसे झाले व १७ मिनिटे वाया गेली. सर्व वेळा भारतीय वेळेनुसार आहेत.
>
> १०:२४ – प्रश्न १ `Submit` केला.
> १०:५१ – प्रश्न २ `Run` केला, नमुना चाचण्या बरोबर आल्या.
> १०:५२ – पान थांबले. संदेश : `504 Gateway Time-out`
> ११:०९ – पुन्हा लॉगिन झाले. प्रश्न १ दिसत होता, प्रश्न २ ची चौकट रिकामी होती.
> ११:२४ – प्रश्न २ पुन्हा लिहून `Submit` केला.
> ११:३० – वेळ संपली. प्रश्न ३ अपूर्ण राहिला.
>
> माझी विनंती :
> १. प्रश्न १ जमा असल्याची खात्री करावी.
> २. प्रश्न २ चा १०:५१ चा `Run` केलेला कोड नोंदीत तपासावा व तो उपलब्ध असल्यास मूल्यमापनासाठी ग्राह्य धरावा.
> ३. प्रश्न ३ साठी वाया गेलेल्या वेळेची भरपाई नवीन प्रश्नावर द्यावी. १७ मिनिटे खंडात गेली व १५ मिनिटे प्रश्न २ पुन्हा लिहिण्यात गेली.
>
> १०:५१ नंतर प्रश्न २ मध्ये केलेला किरकोळ बदल जतन झालेला नसावा, त्यासाठी माझी मागणी नाही. कृपया तपास होईपर्यंत माझ्या परीक्षेच्या नोंदी जपून ठेवाव्यात.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, आसन क्रमांक, लॉगिन आयडी, ब्राउझरचे नाव)

या मेलमधलं सर्वांत उपयोगी वाक्य शेवटून दुसरं आहे. जे मिळणार नाही ते मुलाने आपणहून सोडून दिलं, म्हणून बाकीच्या मागण्यांना वजन आलं. दुसरी गोष्ट, १०:५१ आणि ११:२४ या दोन्ही वेळा दिल्यामुळे तपासणाऱ्याला कळतं की दोन वेगळ्या प्रती आहेत आणि शेवटची म्हणजे चांगली असं नाही. हे लिहिलं नसतं, तर घाईत लिहिलेली प्रतच तपासली गेली असती.

पाठवताना सांभाळायच्या गोष्टी

- मेल त्याच दिवशी जावा. नोंदी कायम राहत नाहीत, आणि परीक्षा-प्रणाली बाहेरच्या कंपनीची असेल तर परीक्षा विभागाला त्यांच्याकडून त्या मागवाव्या लागतात.
- मुलाने स्वतः, नोंदणी केलेल्या मेल आयडीवरूनच लिहावं. विषयशिक्षकांना प्रत द्यावी. पालकांच्या मेलवरून आलेली तक्रार कोणत्या परीक्षार्थीची, हे शोधण्यातच वेळ जातो.
- आठवून परत लिहिलेला कोड "हाच माझा मूळ कोड" म्हणून जोडू नये. मूळ नोंद सापडली आणि दोन ओळी वेगळ्या निघाल्या, तर सगळी तक्रारच संशयास्पद ठरते.
- ब्राउझरचा इतिहास आणि साठवलेला डेटा पुसू नये. जतन न झालेलं काही उरलं असेल तर ते तिथेच असू शकतं.
- उत्तर आलं नाही तर नवा मेल न पाठवता त्याच मेलला जोडून स्मरणपत्र द्यावं.

पुढे काय झालं?

चार दिवसांनी उत्तर आलं. १०:५१ चा कोड नोंदीत सापडला आणि दुसरा प्रश्न त्यावरून तपासला गेला. तिसऱ्या प्रश्नासाठी वेगळा प्रश्न देऊन १७ मिनिटं मिळाली. पुन्हा लिहिण्यातली १५ मिनिटं मात्र त्यांनी मान्य केली नाहीत, कारण त्या वेळात प्रणाली सुरू होती. हे त्याला पटलं नाही, पण निर्णयाचं कारण लेखी मिळालं. त्याला वाटलं तर तो पुढे दाद मागू शकतो.

आपल्या घरी किंवा ओळखीत असा प्रसंग आला, तर मुलाला आधी तीनच प्रश्न विचारा : शेवटचं `Submit` किती वाजता केलंस? शेवटचं `Run` किती वाजता? आणि पान थांबलं तेव्हा स्क्रीनवर नेमके कोणते शब्द होते? उत्तरं कागदावर लिहून घ्या, मेलचा निम्मा मजकूर तिथेच तयार होतो.