विश्लेषण : आवाज ‘डोळ्यांनी’ कसा मोजतात? काय आहेत लिसाजू आकृती?

फ्रान्समध्ये १८५९ साली वाद्यांच्या ‘ला’ या स्वराची वारंवारिता सेकंदाला ४३५ कंपने अशी ठरवण्यात आली. ती ठरवणाऱ्या समितीत भौतिकशास्त्रज्ञ ज्यूल आंत्वान लिसाजू होते. प्रमाण नादकाटा आणि त्याची नक्कल तंतोतंत जुळते का, हे कानावर न विसंबता कसे तपासायचे? लिसाजू यांची पद्धत त्यासाठीच उपयोगी होती.

आकृती कशी उमटते?

दोन नादकाट्यांना छोटे आरसे लावतात. एक काटा आडवा, तर दुसरा उभा कंप पावेल असे ते ठेवतात. प्रकाशाचा झोत दोन्ही आरशांवरून परावर्तित होऊन पडद्यावर पडतो. त्यामुळे प्रकाशाचा ठिपका एकाच वेळी आडवा आणि उभा हलतो. ही हालचाल इतकी वेगवान असते, की डोळ्यांना ठिपका न दिसता अखंड रेषा दिसते.

नक्कल जुळली हे कसे कळते?

वारंवारिता अगदी समान असेल, तर आकृती स्थिर राहते. दोन्ही कंपने एकाच क्षणी सुरू झाली असतील तर तिरकी रेषा, त्यांच्यात पाव आवर्तनाचे अंतर असेल तर वर्तुळ आणि अधेमधे लंबवर्तुळ दिसते. वर्तुळासाठी दोन्ही कंपनांचा विस्तार मात्र सारखा हवा.

समजा, नक्कल ४३५.१ कंपने करते. दहा सेकंदांत ती ४,३५१ कंपने पूर्ण करील, तर प्रमाण काटा ४,३५०. हे एक जादा कंपन पूर्ण होईपर्यंत रेषेचे लंबवर्तुळ, मग वर्तुळ, पुढे उलट बाजूला कललेली रेषा असे करत आकृती मूळ रूपात परतते. म्हणजे एका फेरीला दहा सेकंद लागले, तर फरक ०.१ कंपनाचा.

जलद काटा कोणता, हे मात्र फेरीच्या वेळेवरून कळत नाही. त्यासाठी एका काट्याला किंचित मेण लावून त्याची गती कमी करतात. फेरी आणखी संथ झाली, तर तोच काटा जलद होता.

गुणोत्तर वेगळे असेल तर?

अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत हेच काम ऑसिलोस्कोप ‘X-Y’ मोडवर ठेवून करतात. समजा, आडव्या बाजूला १०० हर्ट्झचा ज्ञात संकेत दिला आणि उभ्या बाजूला अज्ञात. आकृती वरच्या कडेला तीन ठिकाणी आणि उजव्या कडेला दोन ठिकाणी टेकली, तर उभ्या आणि आडव्या वारंवारितेचे गुणोत्तर ३:२. अज्ञात वारंवारिता १५० हर्ट्झ.

चूक कुठे होते?

काही वेळा वक्र आपल्याच वाटेने परत फिरतो. त्याची टोके कोपऱ्यात मोकळी दिसतात आणि मोजणी फसते. अशा वेळी आकृती थोडी सरकून फासे उघडेपर्यंत थांबावे लागते. १७:१६ सारख्या गुणोत्तरात तर फासे इतके दाटतात, की डोळ्यांनी मोजणे जवळपास अशक्य होते.